मृताची ठेव आणि वारसांचा हक्क

काशीच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि पंचगंगा घाटाच्या बाजूच्या गल्ल्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांची पुढील पिढी नोकरीधंद्यासाठी नागपूर, नाशिक, पुणे, मुंबई येथे पांगली आणि म्हातारी माणसे तेवढी मागे राहिली. अशा घरातील कर्ता माणूस गेला, काही वर्षांनी घर रिकामे करण्याची वेळ आली, की माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली येते. तिच्या तळाशी पिवळ्या पडलेल्या पावत्या सापडतात: कोणा बँकेची मुदत ठेव, विम्याच्या हप्त्याच्या पावत्या, कोणा कंपनीचे शेअर सर्टिफिकेट. 'आता याचा काय उपयोग' असे म्हणून ते कागद बहुधा रद्दीत जातात. त्या कागदांत कष्टाच्या कमाईचा जो अंश अडकलेला असतो, त्यावरील हक्क मात्र कागद पिवळा पडल्याने नाहीसा होत नाही.

हा प्रश्न एखाद्‌दुसऱ्या घराचा नाही. दहा वर्षांत ज्यांना कोणी हात लावला नाही अशा बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होतात. या निधीतील रक्कम मार्च २०२४ अखेर ७८,२१३ कोटी रुपये झाली होती. विम्याच्या न मागितलेल्या रकमा आणि कंपन्यांचे पडून राहिलेले लाभांश व शेअर यांच्यासाठी निराळे निधी आहेत. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी गांधीनगर येथून 'आपकी पूंजी, आपका अधिकार' ही मोहीम सुरू केली आणि डिसेंबरअखेरपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यांतून मेळावे भरले. मेळावा संपतो, प्रश्न उरतो. हा पैसा मिळवण्याचा मार्ग तीन वेगवेगळ्या कायद्यांतून जातो, आणि तो शोधण्याचा भार मृताच्या वारसांवर टाकलेला आहे. म्हणून तो मार्ग पायरीपायरीने समजून घेणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. ते कोणा विशिष्ट व्यक्तीचे नव्हे, परंतु त्यातील प्रत्येक गोष्ट घडणारी आहे. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यातील एक मराठी कामगार १९९६ मध्ये निवृत्त झाला. कारखान्याच्या वसाहतीतील क्वार्टर सोडून तो दुर्गाघाटावर भाड्याच्या घरात आला. १९७६ मध्ये त्याने २५ वर्षांची, २५,००० रुपयांची आयुर्विमा पॉलिसी घेतली होती आणि तिचा हप्ता पगारातून कापला जात असे. १९८६ मध्ये त्याने एका कंपनीचे १०० शेअर घेतले होते. निवृत्तीच्या पैशांतून १९९९ मध्ये त्याने बनारस स्टेट बँकेत तीन वर्षांची मुदत ठेव ठेवली. ठेवीची मुदत २००२ मध्ये संपली, पण तोवर आजारपणाने त्याला घेरले होते. २०११ मध्ये वाराणसीतच त्याचा मृत्यू झाला आणि २०१५ मध्ये पत्नीचा. दोन मुलगे व एक मुलगी असे तीन वारस उरले. थोरला काशीत, धाकटा नाशकात, मुलगी नागपुरात.

या माणसाचे धागे कोठे तुटले ते पाहिले, म्हणजे अशा बहुतेक प्रकरणांचे मूळ सापडते. क्वार्टर सुटले तेव्हा कंपनीच्या दफ्तरात जुनाच पत्ता राहिला आणि लाभांशाची पत्रे परत जाऊ लागली. पगार थांबला तेव्हा विम्याचा हप्ता थांबला, आणि पॉलिसी 'बुडाली' असे घरात धरून चालले. ठेवीची मुदत ज्या वर्षी संपली त्याच वर्षी बँकेचे नावच बदलले. यात अपराध कोणाचाच नाही. पत्ता, पगार आणि पाटी बदलली, एवढेच.

पहिली पायरी मृत्यूच्या दाखल्याची. मणिकर्णिकेवरील किंवा हरिश्चंद्र घाटावरील दहनाची पावती हा मृत्यूचा दाखला नव्हे, हे काशीत प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद जेथे तो घडला तेथे होते. महाराष्ट्रातून काशीवासासाठी आलेल्या वृद्धाचा दाखला म्हणूनच पुण्याच्या किंवा नागपूरच्या महापालिकेत मिळत नाही, तो वाराणसी नगर निगमाच्या नोंदीतून काढावा लागतो. नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटून गेले असेल, तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशाने ती करून घेता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हे अधिकार त्यांच्याकडे आले आहेत. दाखल्यावरील नाव आणि पावतीवरील नाव यांत अक्षराचा फरक असला, तर दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे प्रतिज्ञापत्र याच वेळी करून ठेवावे. तसे न केल्यास तीन कचेऱ्यांत तीनदा अडावे लागते. दाखल्याच्या प्रमाणित प्रतीही एकदमच अधिक काढाव्यात, कारण प्रत्येक दारी एक लागते.

दुसरी पायरी म्हणजे संस्थेचे आजचे नाव शोधणे. वाराणसीत मुख्यालय असलेली बनारस स्टेट बँक २००२ मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. त्यामुळे त्या पावतीचे देणे आज बँक ऑफ बडोदाचे आहे. काशीच्या परिसरात अशी नावे आणखी आहेत. अलाहाबाद बँकेचे खाते १ एप्रिल २०२० पासून इंडियन बँकेत आहे. काशी गोमती संयुत ग्रामीण बँक त्याच दिवशी बडोदा यू. पी. बँकेत गेली आणि ती बँकही १ मे २०२५ पासून उत्तर प्रदेश ग्रामीण बँकेत सामावली. म्हणजे खेड्यातल्या एकाच पासबुकाला पाच वर्षांत दोनदा नवा धनी मिळाला. विम्याचेही तसेच आहे. १९५६ मध्ये विमाव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा २४५ विमाकंपन्या व संस्थांचा कारभार आयुर्विमा महामंडळाकडे आला. विलीनीकरणात ठेवी व देणी नव्या संस्थेकडे जातात. पाटी उतरली म्हणून देणे उतरत नाही, आणि जुन्या नावाची पावती घेऊन येणाऱ्यास 'ही बँक आता नाही' असे उत्तर देऊन परत पाठवणे नियमास धरून नाही.

तिसरी पायरी ठेवीच्या शोधाची. रिझर्व्ह बँकेने १७ ऑगस्ट २०२३ रोजी 'उद्गम' नावाचे शोधस्थळ उघडले. त्याचा पत्ता udgam.rbi.org.in असा आहे. आपला मोबाइल क्रमांक व नाव देऊन नोंदणी करावी लागते. शुल्क नाही. मग खातेदाराचे नाव व बँक निवडून, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र किंवा जन्मतारीख यांपैकी एक तरी माहिती द्यावी लागते. यांतले काहीच हाती नसेल तर पत्ता देऊन शोधता येते. १९९९ च्या खात्यात पॅन असण्याचा संभव थोडा. तेव्हा येथे पत्त्याचाच आधार घ्यावा लागतो, आणि तो पत्ता मृत्यूच्या वेळचा नव्हे, तर ठेव ठेवतानाचा असावा लागतो. नावाचीही अनेक रूपे करून पाहिली पाहिजेत. मराठी माणसाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही मांडणी उत्तरेतील कारकुनाने निराळी लिहिलेली असते. Deshpande चे Despande होते, आणि वडिलांचे नाव गळून पडते.

या शोधस्थळाच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. तेथे फक्त निधीत वर्ग झालेल्या ठेवी दिसतात, म्हणजे ज्यांना दहा वर्षे झाली त्या. मुदत ठेवीची दहा वर्षे मुदत संपल्या दिवसापासून मोजतात. सहा-सात वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचे खाते म्हणूनच तेथे सापडणार नाही, ते बँकेतच निष्क्रिय खाते म्हणून पडलेले असते. शिवाय मार्च २०२४ पर्यंत ३० बँका या स्थळाशी जोडल्या गेल्या होत्या. त्यांच्याकडे अशा ठेवींपैकी सुमारे नव्वद टक्के रक्कम होती, परंतु बहुतेक छोट्या सहकारी बँका त्यांत नव्हत्या. नाव सापडले तर पडद्यावर एक संदर्भ क्रमांक येतो, रक्कम दिसत नाही. नाव न सापडणे हा ठेव नसल्याचा पुरावा नव्हे. हाती पावती किंवा पासबुक असेल तर सरळ शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पुढचे सारे याच पोचेवर उभे राहते.

पैसा रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेला असला तरी मागणी रिझर्व्ह बँकेकडे करायची नसते. मागणी बँकेकडे करायची, बँकेने वारसाला पैसे द्यायचे आणि मग बँकेने ते निधीकडून भरून घ्यायचे, अशी व्यवस्था आहे. या मागणीला कालमर्यादा नाही. मात्र व्याज तुटपुंजे आहे. निधीतील व्याजी ठेवींवर ३० जून २०१८ पर्यंत ४ टक्के, त्यानंतर १० मे २०२१ पर्यंत साडेतीन टक्के आणि ११ मे २०२१ पासून ३ टक्के असे सरळ व्याज ठरलेले आहे. वरील कामगाराची ठेव १ जुलै २०१४ रोजी ५०,००० रुपये म्हणून निधीत गेली असे धरले, तर १० मे २०२५ पर्यंतच्या जवळजवळ अकरा वर्षांत तिच्यावर सुमारे १९,००० रुपये व्याज होते. ठेव बुडत नाही, पण महागाई तिला कुरतडत राहते. उशिराचा भुर्दंड वारसालाच पडतो.

आता कागदपत्रांचा प्रश्न. येथेच गरीब माणूस 'कोर्टाचा कागद आणा' या तीन शब्दांनी परतवला जातो. रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ रोजी मृत ग्राहकांच्या दाव्यांविषयी जे निर्देश काढले, ते बँकांनी उशिरात उशिरा ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणायचे होते. त्यांनुसार नामनिर्देशन नसले, तरी व्यापारी बँकेत १५ लाख रुपयांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाख रुपयांपर्यंतच्या दाव्याला न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागता येत नाही आणि तिऱ्हाइताचा जामीनही मागता येत नाही. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, दावेदारांची ओळखपत्रे, नुकसानभरपाईचे हमीपत्र आणि जे वारस रक्कम घेणार नाहीत त्यांचे हक्क न सांगण्याचे पत्र एवढे पुरते. वारस कोण हे सिद्ध करण्यासाठी वारस दाखला किंवा त्या कुटुंबास नीट ओळखणाऱ्या, पण त्याच्याशी संबंध नसलेल्या आणि बँकेस मान्य अशा व्यक्तीचे निवेदन चालते. सर्व कागद पोचल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकालात काढायचा आहे. बँकेच्या दोषाने उशीर झाला, तर बँक दरापेक्षा ४ टक्के अधिक दराने भरपाई द्यायची आहे. मर्यादेवरील रकमांना मात्र अधिक कागद लागतात. तेथे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालील प्रमाणपत्र काढावे लागले, तर अर्ज मृत व्यक्ती जेथे सामान्यतः राहत होती तेथील जिल्हा न्यायालयात होतो. या उदाहरणात ते न्यायालय वाराणसीचे, नागपूरचे नव्हे.

हक्क न सांगण्याच्या त्या पत्राविषयी दोन शब्द अधिक लिहिणे जरूर आहे. भावांनी कागद पुढे करायचा आणि नागपूरच्या बहिणीने तो न वाचता सही करून परत पाठवायचा, ही आपल्या घरांतील सर्रास रीत आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी ही मुलाइतकीच पहिल्या वर्गाची वारस आहे. वरील कुटुंबात मृत्यूपत्र नसेल तर तिघांचा वाटा सारखा, प्रत्येकी एक-तृतीयांश. बहिणीने आपला वाटा सोडायचा असेल तर तो तिचा अधिकार, पण किती रकमेवरील वाटा ती सोडत आहे हे तिला आधी कळले पाहिजे. उत्तम मार्ग असा की तिघांनी मिळून अर्ज करावा आणि आपापल्या खात्यांत रक्कम मागावी. ते अडचणीचे असेल, तर एकास रक्कम घेण्याचा अधिकार द्यावा आणि वाटणीचा लेख आपसांत करून ठेवावा.

नामनिर्देशनाविषयीचा गैरसमजही येथेच दूर झाला पाहिजे. बँकेच्या ठेवीत ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावलेले असते, तो पैसे स्वीकारणारा असतो, एकटा मालक नव्हे. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या मुंबईच्या खटल्यात हेच सांगितले: नामनिर्देशनाने वारसाहक्काचा कायदा बाजूस सरत नाही. नॉमिनीला पैसे देऊन संस्था आपल्या जबाबदारीतून मोकळी होते, वारसांचा हक्क मात्र कायम राहतो.

विम्याच्या दारी गोष्ट निराळी आहे, आणि तेथेच सर्वाधिक जागरूकता हवी. वरील कामगाराची पॉलिसी बुडाली असे घरात मानले गेले, ते खरे नव्हते. त्या काळच्या पॉलिसींत तीन वर्षांचे हप्ते भरले गेल्यावर पुढील हप्ते थांबले तरी पॉलिसी शून्य होत नसे, ती कमी रकमेची 'पेड-अप' पॉलिसी म्हणून चालू राहत असे. २५ वर्षांपैकी २० वर्षांचे हप्ते भरले गेले, तर २५,००० रुपयांच्या पॉलिसीची पेड-अप रक्कम २०,००० रुपये होते. पॉलिसी नफ्यातील हिश्श्याची असेल, तर हप्ते थांबेपर्यंत जोडला गेलेला बोनस तिच्यात मिळवायचा. ही रक्कम २००१ मध्ये, म्हणजे तो माणूस जिवंत असताना, देय झाली होती. म्हणून हा मृत्यूचा दावा नव्हे, न घेतलेल्या मुदतपूर्तीचा दावा आहे, आणि अर्जात तसेच लिहिले पाहिजे. १९३८ च्या विमा कायद्यात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ज्या पॉलिसींची मुदत पुरी झाली, त्यांत मुदतपूर्तीनंतर पैसे न घेताच मृत्यू आला तर नॉमिनीस ते मिळतात. त्याआधी मुदत पुरी झालेल्या पॉलिसीत ते वारसांकडे जातात. हे उदाहरण दुसऱ्या प्रकारचे आहे.

शोधासाठी पॉलिसीचा क्रमांक हवा. पॉलिसी हरवली असेल तरी तो हप्त्याच्या पावतीवर असतो, आणि पगारातून हप्ता कापला जात असेल तर जुन्या पगारपत्रकातील कपात निदान विमा होता एवढे तरी सांगते. आयुर्विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर नाव व जन्मतारीख देऊनही न मागितलेल्या रकमा शोधता येतात. येथे जन्मतारीख पॉलिसी घेताना जी लिहिली तीच द्यावी लागते. ती शाळेच्या दाखल्यावरची असण्याचा संभव अधिक, घरात सांगितली जाणारी नव्हे. एका तारखेने काही न आल्यास दुसरी देऊन पाहावी. खाजगी विमाकंपन्यांनाही १,००० रुपये व त्यावरील अशा रकमांची माहिती आपापल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. मूळ पॉलिसी नसल्यास तिच्याऐवजी हमीपत्र द्यावे लागते. क्रमांक मिळाला की ज्या शाखेत पॉलिसीचे दफ्तर आहे तेथे, अथवा वाराणसीच्या विभागीय कार्यालयात, लेखी अर्ज द्यावा.

दहा वर्षे न मागितलेली विम्याची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तेथेही मागणी विमाकंपनीमार्फतच करायची असते, पण या निधीस एक घड्याळ लावलेले आहे. निधीत जमा झाल्यापासून २५ वर्षांत कोणी मागणी केली नाही, तर ती रक्कम कायमची केंद्र सरकारची होते. वरील कामगाराचे पैसे १ मार्च २०१८ रोजी निधीत गेले असतील, तर १ मार्च २०४३ नंतर त्याच्या नातवंडांना त्यावर बोट ठेवता येणार नाही. बँकेच्या ठेवीला आणि शेअरला अशी अंतिम तारीख नाही. म्हणून ट्रंकेत तिन्ही कागद सापडले आणि हाती वेळ थोडा असला, तर विम्याचा कागद आधी उचलावा.

तिसरे दार शेअरचे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सात वर्षे न घेतलेला लाभांश गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो आणि ज्या शेअरवरील लाभांश सलग सात वर्षे कोणी घेतला नाही, ते शेअरही त्या निधीच्या प्राधिकरणाच्या खात्यात वर्ग होतात. शेअर विकून टाकले जात नाहीत, प्राधिकरणाच्या नावावर राहतात. त्यांवर पुढे मिळालेला लाभांश व बोनस शेअर निधीतच जमा होतात आणि दावा मान्य झाला की वारसास मिळतात. म्हणून सर्टिफिकेटावरील आकड्याने फसू नये. दहा रुपयांचा एक शेअर पुढे दोन रुपयांच्या पाच शेअरमध्ये विभागला गेला आणि मग एकास एक बोनस मिळाला, तर १०० चे १,००० शेअर होतात. कंपनीचे नाव बदलले असेल किंवा ती दुसरीत मिळाली असेल, तर आधी तिचा आजचा ठिकाणा आणि तिच्या भागधारकांचे दफ्तर सांभाळणारी निबंधक संस्था शोधावी. सर्टिफिकेटावरील फोलिओ क्रमांक देऊन तिला लेखी विचारावे: शेअर अजून कंपनीच्या दफ्तरात मृताच्या नावे आहेत, की प्राधिकरणाकडे गेले?

पुढील मार्ग या उत्तरावर अवलंबून असतो. शेअर कंपनीच्या दफ्तरातच असतील, तर निबंधकाकडे ISR-5 या नमुन्यात वारसाच्या नावे करण्याचा अर्ज द्यावा. सेबीने २०२२ मध्ये ठरवलेल्या मर्यादेनुसार कागदी शेअरची किंमत एका कंपनीत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर सर्व वारसांचे नोटरीपुढील प्रतिज्ञापत्र, इतर वारसांचे हरकत नसल्याचे पत्र आणि हमीपत्र यांवर काम होते. शेअर प्राधिकरणाकडे गेले असतील, तर आधी याच कागदांनी कंपनीकडून आपला हक्क मान्य झाल्याचे पत्र घ्यावे, मग IEPF-5 हा अर्ज भरावा. त्याला शुल्क नाही, परंतु दावेदाराचे स्वतःचे पॅन व डीमॅट खाते लागते. भरलेल्या अर्जाची छापील प्रत, हमीपत्र, आगाऊ पावती, रद्द केलेला धनादेश व मूळ सर्टिफिकेट कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयातील नोडल अधिकाऱ्याकडे पाठवावे. कंपनीने पडताळणीचा अहवाल प्राधिकरणास द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय घ्यायचा, असा नियम आहे. बहुतेक अर्ज अडतात ते सही न जुळल्याने, नावातील फरकाने किंवा एखाद्या वारसाचे पत्र नसल्याने. म्हणून वर सांगितलेले नावाचे प्रतिज्ञापत्र येथे पुन्हा कामी येते. एका कंपनीसाठी आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा करता येतो, तेव्हा अर्धवट अर्ज घाईने पाठवू नये.

या अडचणींच्या छायेतच दलाल उभा राहतो. सार्वजनिक यादीत नाव पाहून तो नागपूरला पत्र पाठवतो आणि मिळणाऱ्या रकमेत मोठा वाटा मागून कोऱ्या कागदांवर सह्या घेतो. 'उद्गम'वरील शोध, बँकेचा दावा किंवा IEPF-5 यांपैकी कशालाच सरकारी शुल्क नाही. खर्च येतो तो मुद्रांक, नोटरी, टपाल आणि प्रसंगी न्यायालयाचा. 'आधी पैसे भरा, मग ठेव सोडवतो' असे जो फोनवर सांगतो किंवा मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक विचारतो, तो लुबाडणारा आहे हे ओळखावे.

कचेरीने अडवले तर दाद कोठे मागायची तेही ठरलेले आहे. बँकेकडे लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे विनाशुल्क जाता येते. विम्यासाठी 'बीमा भरोसा' हे तक्रारस्थळ व विमा लोकपाल आहेत, आणि कंपनीच्या दफ्तरात असलेल्या शेअरसाठी सेबीचे 'स्कोअर्स'. तक्रारीत नियमाची तारीख, कागद दिल्याची तारीख आणि पोच या तीन गोष्टी असल्या की ती सहसा दुर्लक्षिली जात नाही.

या साऱ्या व्यवस्थेत सुधारणा हव्यात त्या साध्या आहेत. एकाच मृताच्या तीन मिळकतींसाठी वारसांनी तीन नमुन्यांची हमीपत्रे, तीन प्रतिज्ञापत्रे आणि तीन मर्यादा कशासाठी सांभाळाव्यात? १५ लाखांना बँकेत जे कागद पुरतात, ते कागदी शेअरच्या दारी ५ लाखांवर अपुरे का ठरावेत? विलीन झालेल्या बँकांच्या जुन्या नावांची यादी त्या त्या जिल्ह्यातील शाखांत दर्शनी भागी का लावली जाऊ नये? आणि विम्याच्या रकमेवरील २५ वर्षांचे ते घड्याळ, ज्यांना पॉलिसी होती हेच माहीत नाही त्यांच्याविरुद्ध का चालावे? या मागण्या बँक व विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आणि निवृत्तांच्या मंडळांनी उचलून धराव्यात अशा आहेत. कारण खातेवहीतील नाव आणि दाराशी उभा असलेला वारस यांची गाठ प्रत्यक्षात घालून देतो तो काउंटरवरचा कर्मचारीच.

तोवर ट्रंकेतील कागद रद्दीत घालू नये. एक वही करावी. पहिल्या पानावर मृत्यूच्या दाखल्याचा क्रमांक लिहावा, दुसऱ्यावर सर्व वारसांची नावे व पत्ते, आणि पुढे प्रत्येक पावतीला एक पान द्यावे: जुने नाव, आजचे नाव, अर्ज केल्याची तारीख, पोच. दुर्गाघाटावरच्या त्या माणसाला आपल्या तीन धाग्यांची अशी एक वही मागे ठेवता आली असती, तर त्याच्या मुलांना चौदा वर्षे थांबावे लागले नसते. जिवंतपणीच अशी वही करून ती घरातील सर्वांना, मुलींनाही, दाखवून ठेवली तर पुढच्या पिढीला शोधाची वेळच येणार नाही.